वाईट स्वप्नाचा शेवट दिवसा लिहायचा



मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे. माझ्याकडे येणारी माणसं झोपेच्या तक्रारी घेऊन येतात, आणि बहुतेकांचं पहिलं वाक्य ‘झोप लागत नाही’ हेच असतं. थोडं खोलात जाऊन विचारलं की त्यातले काही जण सांगतात, झोप लागते हो, पण झोपायचीच भीती वाटते. कारण झोपलं की ते स्वप्न पडतं.

‘ते’ स्वप्न. एक ठरावीक. वर्षानुवर्षं तेच, किंवा त्याच घराण्यातलं दुसरं. आज मी या माणसांबद्दल आणि त्यांच्यासाठी असलेल्या एका साध्या उपचाराबद्दल बोलणार आहे. त्याला इमेजरी रिहर्सल थेरपी म्हणतात. आम्ही बोलताना आयआरटी म्हणतो. यात काय करायचं असतं? पूर्ण जागेपणी, दिवसाढवळ्या, आपल्या वाईट स्वप्नाची गोष्ट बदलून लिहायची आणि ती बदललेली गोष्ट रोज काही मिनिटं मनात पाहायची. बस. हे ऐकून तुमच्यातल्या काहींना वाटलं असेल की एवढ्यानं काय होणार? तशी शंका घेणं रास्तच आहे. तिचं उत्तर देण्यासाठीच मी उभी आहे.

आधी एक घोळ दूर करू. रात्री दचकून उठणं म्हणजे सगळं एकच नव्हे. लहान मूल झोप लागल्यावर तासा-दीड तासात किंचाळत उठून बसतं, डोळे उघडे असतात, पण आईला ओळखत नाही, आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. तो प्रकार गाढ झोपेतला आहे, ते स्वप्न नाही. जाग आली पण हातपाय हलत नाहीत, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं, हा आणखी वेगळा प्रकार. मी ज्याबद्दल बोलते आहे ते दुःस्वप्न बहुधा रात्रीच्या उत्तरार्धात पडतं. कारण ज्या झोपेत डोळ्यांची बुबुळं भराभर हलतात आणि ठसठशीत स्वप्नं पडतात, ती झोप पहाटेकडे लांबत जाते. दुःस्वप्नातून जागा झालेला माणूस लगेच भानावर येतो आणि स्वप्न त्याला तपशीलवार आठवतं. हे आठवणं त्याला नकोसं असतं, पण उपचाराचा सगळा आधार तेच आहे. आठवतं म्हणून लिहिता येतं, आणि लिहिता येतं म्हणून बदलता येतं.

अधूनमधून वाईट स्वप्न कुणाला पडत नाही? घरातली मोठी माणसं म्हणायची, रामरक्षा म्हण आणि कूस बदलून झोप. बहुतेकांना तेवढं पुरतंही. पण आठवड्यातून दोन, तीन, चार रात्री, महिनोन् महिने, आणि दुसऱ्या दिवसाच्या कामावर परिणाम होईल इतकं, असं ज्यांचं चालतं त्यांची गोष्ट निराळी. प्रौढांमध्ये ढोबळमानाने शंभरातल्या चौघांची अशी स्थिती असते. बलात्कार, युद्ध, अपघात, आपत्ती यांतून गेलेल्यांमध्ये हे प्रमाण कितीतरी जास्त असतं.

आता दुसरा घोळ. स्वप्न बदलायचं म्हटलं की लोकांना वाटतं, स्वप्नातच जागं व्हायला शिकायचं असणार. स्वप्न पडत असतानाच ‘हे स्वप्न आहे’ हे कळणं, म्हणजे ज्याला ल्युसिड ड्रीमिंग म्हणतात ते, खरोखर घडतं. इंग्लंडमध्ये कीथ हर्न यांनी 1975 मध्ये, आणि पुढे अमेरिकेत स्टीफन लाबर्ज यांनी, झोपलेल्या माणसाने डोळ्यांच्या ठरलेल्या हालचालींनी बाहेर खूण पाठवल्याचं प्रयोगशाळेत नोंदवलं. मोठीच गोष्ट. पण जो माणूस रात्री दोनदा घामाघूम होऊन उठतो त्याला मी सांगू का, की आता आधी ही विद्या शिका, काही महिने सराव करा, मग स्वप्नात सावध व्हा आणि राक्षसाकडे वळून बघा? अनेकांना ते कधीच साधत नाही.

आणि इथे एक फार महत्त्वाची गोष्ट सापडली. नेदरलँड्समध्ये स्पूरमाकर आणि व्हॅन डेन बाउट यांनी 2006 मध्ये दुःस्वप्नांसाठी ल्युसिड ड्रीमिंगचाच उपचार करून पाहिला. दुःस्वप्नं कमी झाली. पण स्वप्नात सावध होणं त्यासाठी आवश्यक ठरलं नाही! ज्यांना ते जमलं नाही त्यांचीही स्वप्नं कमी झाली. मग काम कशाने केलं? त्या उपचारात आणखी एक भाग होता: जागेपणी स्वप्नाचा वेगळा शेवट कल्पून त्याचा सराव करणं. माझ्या मते हा निकाल फार बोलका आहे. स्वप्नाच्या आत शिरण्याची गरजच नाही. बाहेर राहून, दिवसा केलेलं काम रात्री पोचतं.

हे पहिल्यांदा कुणाच्या ध्यानात आलं? एका माणसाचं नाव घेणं कठीण आहे, पण 1978 साली लंडनमधले मानसोपचारतज्ज्ञ आयझॅक मार्क्स यांनी एका बाईंची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांना 14 वर्षं एक दुःस्वप्न छळत होतं. मार्क्स यांनी त्यांना ते स्वप्न पुन्हापुन्हा सांगायला आणि लिहायला लावलं, आणि त्याचा शेवट त्यांच्या बाजूने होईल असा बदलायला लावला. ते स्वप्न थांबलं. एका रोग्यावरून सिद्धान्त होत नाही, हे मार्क्स यांनाही ठाऊक होतं. पण धागा मिळाला.

तो धागा न्यू मेक्सिकोत अल्बुकर्की इथल्या डॉक्टरांनी उचलला. रॉबर्ट केल्नर, जोसेफ नाइडहार्ट आणि बॅरी क्राकाव. यांनी मार्क्स यांच्या पद्धतीत एक निर्णायक बदल केला. मार्क्स यांचा भर मूळ भयानक स्वप्नाला पुन्हापुन्हा सामोरं जाण्यावर होता. या मंडळींनी मूळ स्वप्न जवळजवळ बाजूलाच ठेवलं. रोग्याला सांगितलं, हे स्वप्न तुम्हाला हवं तसं बदला. कसं ते आम्ही सांगणार नाही. शेवट बदला, मधला भाग बदला, अगदी सुरुवात बदला. आणि सराव करायचा तो फक्त नव्या स्वप्नाचा.

‘तुम्हाला हवं तसं.’ या तीन शब्दांवर मला थोडं थांबायचं आहे. ज्या माणसावर अत्याचार झाला आहे त्याच्या बाबतीत जे घडलं ते त्याच्या इच्छेविरुद्ध घडलं. स्वप्नातही ते इच्छेविरुद्धच पुन्हा घडतं. अशा माणसासमोर डॉक्टरने शहाणपणाने एक छान शेवट लिहून ठेवला, तर तोही पुन्हा बाहेरून लादलेलाच. म्हणून निवड त्याची. शेवट हास्यास्पद असो, अशक्य असो, क्षुल्लक असो. एखाद्याने स्वप्नातल्या भिंतीचा फक्त रंग बदलला तरी चालतं.

क्राकाव आणि सहकाऱ्यांनी याची मोठी चाचणी घेतली. ती 2001 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आली. 168 स्त्रिया. जवळजवळ सगळ्यांवर लैंगिक अत्याचार झालेले, अनेकींवर बालपणीच आणि वारंवार. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने दोन गट पाडले. 88 जणींना उपचार. 80 जणींना प्रतीक्षा, म्हणजे त्यांचे आधीचे जे काही उपचार चालू होते ते तसेच. उपचार किती? गटात बसून दोन लांब बैठका, आणि तीन आठवड्यांनी एक छोटी. एवढंच. आणि कुणालाही आपल्यावर काय गुदरलं हे सांगायची सक्ती नव्हती.

दुःस्वप्नं कमी झाली, झोप सुधारली. पण खरं आश्चर्य पुढे आहे. आघातानंतरच्या मानसिक विकाराची लक्षणं, म्हणजे दचकणं, टाळणं, सतत सावध राहणं हीसुद्धा, उपचार घेतलेल्यांपैकी 65 टक्के जणींमध्ये तीव्रतेची किमान एक पायरी खाली आली. प्रतीक्षेतल्या 69 टक्के जणींची स्थिती होती तशीच राहिली किंवा बिघडली. तोवर सर्वसाधारण समजूत अशी की दुःस्वप्न हे केवळ लक्षण आहे, मूळ आघातावर उपचार झाला की ते आपोआप जाईल, तोवर थांबा. या स्त्रियांपैकी अनेकींनी त्या समजुतीपायी वर्षानुवर्षं वाट पाहिली होती. इथे दुःस्वप्नाला स्वतंत्र आजार मानून आधी त्यालाच हात घातला, आणि दिवसाची अवस्थाही सुधारली. या चाचणीतले कच्चे दुवेही सांगायला हवेत. शेवटपर्यंतच्या तपासणीला 114 जणीच उरल्या होत्या, आणि ज्यांच्याशी तुलना केली त्यांना दुसरा कोणता उपचार दिलेला नव्हता, नुसती प्रतीक्षा होती. त्याचा परिणाम आपण पुढे पाहणार आहोत.

आता प्रत्यक्ष कृतीकडे येऊ. त्यासाठी एक उदाहरण घेते. ही कुणा एकीची कहाणी नाही. अनेकांच्या हकिकतींतून मी ती मुद्दाम रचली आहे, म्हणजे कुणाची ओळख उघड होणार नाही.

सांगलीच्या एक बाई. वय पन्नाशीच्या आसपास, बँकेत नोकरी. ऑगस्ट 2019 चा कृष्णेचा महापूर त्यांनी घरात राहून पाहिला. आयर्विन पुलाजवळची पातळी किती झाली हे मोबाइलवर दर तासाला बघत बसलेलं घर. सगळे सुखरूप बाहेर पडले, आजारी सासूबाईसुद्धा. पण पुढच्या पावसाळ्यापासून स्वप्न सुरू झालं. घराचा जिना. काळं पाणी एकेक पायरी चढतंय. वर खाटेवर सासूबाई, त्यांना उठता येत नाही. गच्चीच्या दाराची कडी हाताला लागते, पण निघत नाही. पाणी घोट्याला लागतं, मागून हाक येते, आणि जाग. आठवड्यातून तीन-चार रात्री. नंतर तास दीड तास झोप नाही. जाग आली की त्या उठून खरोखरच्या गच्चीची कडी काढून बघत.

पहिल्या बैठकीत त्या स्वप्नाला आपण हात लावत नाही. पहिलं काम असतं नोंदवहीचं. रोज सकाळी एवढंच लिहायचं: दुःस्वप्न पडलं का, किती वेळा जाग आली, आणि तीव्रता शून्यापासून दहापर्यंत किती. पूर्ण स्वप्न लिहायचं नाही. दुसरं काम म्हणजे समजावणं: आघातानंतर सुरुवातीला पडणारी अशी स्वप्नं मनाच्या धडपडीचा भाग असतात, पण महिने लोटल्यावरही तीच पडत राहिली तर ती सवय बनली असं आपण धरून चालतो, आणि सवय मोडता येते. तिसरं, मनात चित्र उभं करण्याचा सराव. एखादी सुखद जागा डोळ्यांपुढे आणायची, काही मिनिटं. हे वरवरचं वाटेल, पण काहींना चित्र उभंच करता येत नाही, किंवा डोळे मिटले की पहिलं येतं ते भयानकच. त्यांना डोळे उघडे ठेवून, थोडं थोडं शिकवावं लागतं. हा पाया कच्चा राहिला तर पुढचं सगळं ढासळतं.

मग स्वप्न निवडायचं. इथे नवखे चुकतात. सगळ्यात भयंकर स्वप्न आधी घ्यायचं नाही. जे घडलेल्या प्रसंगाची हुबेहूब पुनरावृत्ती आहे तेही आधी नाही. या बाईंना आणखी एक स्वप्न पडे: बँकेत रोख जुळत नाही, काउंटरपुढची रांग वाढत चालली आहे. त्रासदायक, पण सोसण्याजोगं. सुरुवात त्यापासून. त्यांनी बदल केला तो असा: नोटा मोजायचं यंत्र आपणहून सगळं जुळवून देतं, त्या ड्रॉवरला कुलूप लावतात आणि रांगेतल्या लोकांबरोबरच बाहेर पडतात. कागदावर लिहिलं, आठवडाभर रोज उजळणी केली. आत्मविश्वास आला, मग पुराचं स्वप्न घेतलं.

त्यांनी लिहिलेला पहिला मसुदा अगदी समजूतदार होता. बचावपथकाची बोट येते, सासूबाईंना उचलतात, सगळे वाचतात. पण उजळणी करताना दुसऱ्याच दिवशी बोट उलटली! त्यांनी उलटवली नव्हती, मनात ती आपोआप उलटली. छाती धडधडली, तळहाताला घाम आला. अशा वेळी काय करायचं? नेटाने बोट सरळ करत बसायचं का? नाही. सरावाच्या वेळी भीती वाढत असेल, नवं स्वप्न घसरून जुन्यात जात असेल, तर ती खूण समजायची. बहुधा बदल फार उशिरा सुरू झालेला असतो. बोट येईपर्यंत पाणी तेच काळं पाणी होतं, कडी तीच अडकलेली कडी होती. भीती आधीच शिगेला पोचली होती आणि मग सुटका आणली. तेव्हा मागे जायचं. भीती जिथून चढू लागते त्याच्याही आधीच्या जागी.

‘पण मॅडम, पाणी काही असं थांबत नाही,’ त्या म्हणाल्या.

‘पुराचं थांबत नाही. स्वप्नातल्या पाण्याला तुम्ही सांगाल ते करायला काय हरकत आहे?’

दुसरा मसुदा असा झाला. पाणी पाचव्या पायरीवर थांबतं. ते स्वच्छ आहे, खालच्या फरशीची नक्षी दिसते. त्या चढून जातात. कडीला कुणीतरी तेल घातलेलं आहे, एका बोटाने ती सरकते. दार उघडतं आणि समोर ऊन. गच्चीवर जुन्या लुगड्यावर पापड वाळत घातलेत, आणि सासूबाई तिथे उकिडव्या बसून पापड उलटताहेत. मान वर न करता म्हणतात, ‘एवढा उशीर?’

हा पापडांचा तपशील मला सुचला नसता, कुणाही डॉक्टरला सुचला नसता. तो त्यांचाच होता, आणि म्हणून तो टिकला. वर्तमानकाळात लिहायचं, हे पथ्य यासाठीच: ‘दार उघडलं’ न लिहिता ‘दार उघडतं’. आणि नुसतं दृश्य नको. उन्हाचा चटका, उडदाच्या पिठाचा वास, कडीचा गार स्पर्श. सगळं मिळून पानभर.

त्यानंतरचा भाग दिसायला सर्वांत नीरस आणि उपचारात सर्वांत मोलाचा. रोज 5 ते 20 मिनिटं, जागेपणी, शांत बसून, ते नवं स्वप्न पहिल्यापासून शेवटपर्यंत मनात पाहायचं. कागद पुन्हापुन्हा वाचत बसायचा नाही. आठवायला एकदा वाचला की मिटायचा आणि पाहायचं. जुनं स्वप्न उगाळायचं नाही. एका आठवड्यात दोनाहून जास्त स्वप्नं हाती घ्यायची नाहीत. रोज सकाळची नोंदवही चालू.

फरक बहुधा काही आठवड्यांत दिसू लागतो. तो कसा दिसतो हे ऐका, कारण लोकांची अपेक्षा वेगळी असते. त्यांना वाटतं, आता रात्री पापडांचं स्वप्न पडेल. अनेकांना नवं स्वप्न जसंच्या तसं कधीच पडत नाही. आधी तीव्रता उतरते, आठाची पाच होते. मग जुन्या स्वप्नात काहीतरी बदलतं: पाणी असतं, पण हाक नसते. मग ते स्वप्न विरळ होतं. या बाईंच्या वहीत आधी ‘जाग आली’ हे शब्द कमी झाले, स्वप्नं त्यानंतर. आकडा कमी न होता नुसती तीव्रता उतरली तरी उपचार योग्य वाटेवर आहे असं समजावं. पण सहा-आठ आठवडे नेटाने सराव करूनही वहीत काहीच हललं नाही, तर चिकटून राहू नये. निदान पुन्हा तपासावं.

इथे कुणीही विचारील: हे स्वतःला फसवणं झालं नाही का? पूर आला होता. घर बुडालं होतं. त्यावर पापड वाळत घालून काय साधलं? प्रश्न गंभीर आहे, म्हणून उत्तर स्पष्ट देते. यात आठवण बदलत नाही, बदलायचीही नसते. 2019 मध्ये काय झालं हे त्या बाई आजही तुम्हाला तारखेवार सांगतील, आणि दर जूनमध्ये कागदपत्रांची पिशवी माळ्यावर ठेवतील. बदललं ते स्वप्न. स्वप्न ही घडलेल्या गोष्टीची नोंद नाहीच. त्यांच्या सासूबाई प्रत्यक्षात सुखरूप बाहेर आल्या होत्या. अडकून पडल्या होत्या त्या फक्त स्वप्नात. मग खोटं कोणतं होतं?

हा उपचार का लागू पडतो? एकमत नाही, आणि मला कोणत्याही एका मताची बाजू हिरिरीने घ्यायची नाही. काही म्हणतात, दुःस्वप्न एकाच वळणाने जात राहतं, आणि सरावाने मनाला दुसरं वळण उपलब्ध होतं. काही म्हणतात, जे स्वप्न आपण इतके दिवस टाळत होतो त्याच्याजवळ कागद घेऊन बसणं हीच भीती उतरवणारी गोष्ट आहे. आणि काहींचा भर आपल्या हातात काहीतरी आहे या जाणिवेवर आहे. रोग्यांचं बोलणं ऐकून मला तिसरं कारण सर्वांत जड वाटतं. नवा शेवट पडो न पडो, त्या रात्री झोपायला जाणारा माणूस आदल्या रात्रीसारखा असहाय नसतो.

आता मर्यादा, कारण त्या लपवल्या तर मी तुमच्याशी प्रामाणिक राहिले नाही असं होईल. व्हिएतनाम युद्धात लढलेल्या 124 सैनिकांवर जोन कुक आणि सहकाऱ्यांनी याच उपचाराची चाचणी केली. ती 2010 मध्ये प्रसिद्ध झाली. युद्धाला तीनचार दशकं उलटलेली, आजार जुना आणि तीव्र. या वेळी तुलनेतल्या गटाला नुसतं थांबवून ठेवलं नव्हतं. त्यांनाही झोपेविषयी आणि दुःस्वप्नांविषयी शिकवण्याचा, चांगला, तेवढ्याच वेळाचा कार्यक्रम दिला होता. निकाल? इमेजरी रिहर्सल त्याहून सरस ठरली नाही. ज्यांना अल्बुकर्कीच्या आकड्यांनी भारून टाकलं होतं त्यांना हा मोठा धक्का होता. तो पचवायलाच हवा.

मात्र पुढे त्याच सैनिकांच्या नव्या स्वप्नांचा अभ्यास गेरलिंडे हार्ब यांनी केला, आणि त्यातून जे दिसलं ते माझ्यासारखीला रोजच्या कामात उपयोगी पडतं. ज्यांच्या नव्या स्वप्नात मूळ स्वप्नाचा पेच खरोखर सुटला होता त्यांना जास्त गुण आला. ज्यांच्या नव्या स्वप्नातही हिंसा होती त्यांना कमी. शत्रूला आपण आधी गोळी घालतो, हा शेवट वरकरणी विजयाचा आहे, पण हात अजून बंदुकीवरच आहे. म्हणून ‘हवं तसं बदला’ हे खरं असलं तरी कुणी सुडाचा शेवट लिहून आणला तर मी हळूच विचारते, आणि त्यानंतर काय होतं? पुढचं पान लिहा. बहुतेक वेळा त्या पुढच्या पानातच खरा शेवट सापडतो.

आणखी काही सावधगिरी थोडक्यात. दुःस्वप्नं अचानक सुरू झाली असतील तर आधी औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा. रक्तदाबाची बीटा ब्लॉकर गटातली काही औषधं, नैराश्यावरची काही, पार्किन्सनवरचं लेव्होडोपा यांनी दुःस्वप्नं वाढू शकतात. रोजची दारू एकाएकी थांबवल्यावरही वाढतात. घोरणं आणि मधेच श्वास अडकणं असेल तर त्याची तपासणी आधी. क्राकाव यांनीच पुढे या दुव्यावर बरंच काम केलं. उतारवयात माणूस स्वप्नाबरोबर खरोखर लाथा-बुक्क्या मारू लागला, पलंगावरून पडू लागला, तर तो वेगळा आजार असू शकतो, त्याला मेंदूविकारतज्ज्ञ गाठावा. आणि ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार येताहेत, किंवा ज्याला जागेपणीही प्रसंग पुन्हा घडल्यासारखा दिसतो, त्याने हा उपचार घरी एकट्याने करू नये. प्रशिक्षित माणूस सोबत हवा.

गोळ्यांचं काय, असं दरवेळी विचारलं जातं. प्राझोसिन नावाचं रक्तदाबाचं जुनं औषध यासाठी बरीच वर्षं वापरलं गेलं, काहींना त्याचा गुणही येतो. पण 2018 मध्ये माजी सैनिकांवरच्या मोठ्या चाचणीत ते बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या निद्रावैद्यकांच्या संघटनेने जी भूमिका जाहीर केली, तीत आघाताशी निगडित दुःस्वप्नं असोत की इतर, दोन्हींसाठी शिफारस केलेला उपचार इमेजरी रिहर्सल हाच होता. प्राझोसिन ‘वापरता येईल’ या खालच्या वर्गात गेलं.

शोध पुढेही चालू आहे. जिनिव्हात 2022 मध्ये 36 रुग्णांवर एक सुंदर प्रयोग झाला. सगळ्यांनी नवं स्वप्न लिहून त्याचा सराव केला. निम्म्यांना मात्र सुरुवातीच्या सरावाच्या वेळी पियानोचा एक विशिष्ट स्वरसमूह ऐकवला, आणि पुढे दोन आठवडे रात्री स्वप्नांच्या झोपेत तोच स्वरसमूह डोक्याला बांधलेल्या यंत्रातून हळूच वाजवला. दोन्ही गटांची दुःस्वप्नं घटली. स्वर ऐकलेल्यांची जास्त घटली. कुणालाही स्वप्नात जागं व्हावं लागलं नाही. ते यंत्र आपल्याकडे येईल तेव्हा येईल. कागद आणि पेन आजच घरात आहेत.

शेवटी या सभागृहात जे डॉक्टर बसले आहेत, विशेषतः ज्यांच्याकडे आघातातून गेलेली माणसं येतात, त्यांना माझी विनंती आहे. ‘झोप लागते का’ एवढं विचारून झोपेची गोळी लिहू नका. ‘वाईट स्वप्नं पडतात का, आठवड्यात किती’ हे विचारा. रुग्ण आपणहून सांगत नाहीत. बहुतेकांना ठाऊकच नसतं की यावर उपचार आहे. आणि श्रोत्यांपैकी कुणाच्या घरात असं कुणी असेल, तर त्यांना जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे न्या, आणि इमेजरी रिहर्सल येते का हे स्पष्ट शब्दांत विचारा. कुठे जावं हेच कळत नसेल तर केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा आहे. तिचा क्रमांक 14416.